कृतिदेवमधली जुनी हिंदी पुस्तिका युनिकोडमध्ये आणताना: पंचवटीतल्या एका धर्मशाळेच्या फायलींचं प्रकरण

## पार्श्वभूमी

नाशिकला शालिमारजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. पंचवटीतल्या एका धर्मशाळेचे मॅनेजर काका एक दिवस पेनड्राईव्ह घेऊन आले. 2003 च्या सिंहस्थाला त्यांनी बाहेरगावच्या यात्रेकरूंसाठी हिंदीत माहितीपुस्तिका काढली होती: रामकुंडावर कसं जायचं, तपोवन, काळाराम मंदिर, त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान कधी, धर्मशाळेचे नियम, खोल्यांचे दर, गेट किती वाजता बंद होतं असं सगळं. 2015 च्या सिंहस्थाला त्याच फायलींमध्ये दुरुस्त्या केल्या. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि काकांना तोच मजकूर मोबाईलवर पाठवायचाय, वेबसाईटवर टाकायचाय. एकूण 63 वर्ड फायली, साधारण 140 पानं.

सगळा मजकूर कृतिदेव 010 फॉन्टमध्ये टाइप केलेला. ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अशा फाईलमध्ये हिंदी अक्षरं नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरं, फक्त फॉन्ट त्यांना हिंदीचा आकार देतो. फाईलमध्ये `Hkkjr` लिहिलेलं असतं आणि कृतिदेव लावला की ते "भारत" दिसतं. `flagLFk` म्हणजे "सिंहस्थ". ज्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही तिथे यात्रेकरूला `flagLFk` हेच दिसणार. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे कुठलाही फॉन्ट लावा, मजकूर तोच राहतो आणि शोधताही येतो.

## अडचण

काकांच्या पुतण्याने घरीच एक प्रयत्न केला होता. फाईल उघडली, सगळं सिलेक्ट केलं, कुठल्यातरी ऑनलाईन कन्व्हर्टरमध्ये पेस्ट केलं आणि जे आलं ते प्रिंट काढून माझ्याकडे दिलं. काका म्हणाले, "दादा, लांबून बघितलं तर हिंदीच वाटतंय, वाचायला बसलं की डोकं फिरतंय."

मी पहिलं पान वाचलं. "दर्शन"च्या जागी "दशर्न", "कुशावर्त"च्या जागी "कुशावतर्", "कार्यालय"चं "कायार्लय", "स्थिति"चं "स्िथति". एका देणगीदाराच्या पत्त्यात मूळ फाईलमध्ये इंग्रजीत MIDC होतं, त्याचं "डप्क्ब्" झालेलं. खोलीचं डिपॉझिट "1,500" होतं ते "1ए500". गेटची वेळ "10ः30", म्हणजे मध्ये कोलन नाही, विसर्ग.

हे सगळं एकच बिघाड वाटतं पण तसं नाहीये, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात, कन्व्हर्टर खराब आहे म्हणून दुसरा शोधतात, मग तिसरा. मी तो कागद घेऊन पेन्सिलने चुका वेगळ्या केल्या तर तीन जाती निघाल्या. एक, रफार आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी. दोन, जे कृतिदेवमध्ये नव्हतंच ते पण कन्व्हर्ट झालं. तीन, एकाच चिन्हाचे दोन अर्थ. तिन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे औषधंही वेगळी.

## कोणते पर्याय होते

पहिला विचार आला तो परत टाइप करायचा. 140 पानं, चांगला हिंदी टायपिस्ट दिवसाला 12 पानं नीट करतो असं धरलं तरी 12 दिवस, वर प्रूफ वेगळं. खर्चापेक्षा मला भीती होती ती फोन नंबर आणि दरांची, कारण ते हाताने परत टाइप केले की कुठेतरी एक आकडा इकडचा तिकडे होतोच आणि तो प्रूफमध्ये सापडत नाही.

दुसरा पर्याय, प्रिंट काढून स्कॅन करायचे आणि ओसीआरने वाचून घ्यायचे. एका पानावर करून बघितलं. मजकूर बराच बरा आला, पण अनुस्वार आणि अक्षराखालचा टिंब म्हणजे नुक्ता गळत होते आणि दरांच्या तक्त्याची वाट लागली. शिवाय फाईलमध्ये अक्षर न् अक्षर आधीच बसलेलं असताना त्याचा फोटो काढून परत अंदाज लावत बसायचं हे मला पटेना.

तिसरा, चांगला ऑनलाईन कन्व्हर्टर. त्यातले काही रफार-वेलांटी व्यवस्थित लावतात, खोटं नाही बोलणार. पण पेस्ट केलं की फॉन्टची माहिती जाते, कन्व्हर्टरला फक्त अक्षरं मिळतात, कुठलं कृतिदेवमधलं आणि कुठलं खरं इंग्रजी हे त्याला कळायला मार्गच नाही. आणि नऊ फायलींत देणगीदारांची नावं, पत्ते, फोन होते. काकांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "ते बाहेर कुठे टाकू नका." तिथे हा पर्याय संपला.

उरला चौथा: आपल्याच कॉम्प्युटरवर छोटी पायथन स्क्रिप्ट लिहायची, जी वर्ड फाईल उघडेल, प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघेल आणि फक्त कृतिदेवचे तुकडे बदलेल. मी हा घेतला. 63 फायलींसाठी ते परवडतं, दोन पानांचं काम असतं तर नसतं केलं.

## काय केलं

### आधी फॉन्ट, मग अक्षरं

जुन्या डॉक फायली लिबर ऑफिसने एका फटक्यात डॉकएक्स केल्या:

```
soffice --headless --convert-to docx *.doc
```

डॉकएक्समध्ये परिच्छेदाचे तुकडे असतात, त्यांना रन म्हणतात, आणि प्रत्येक रनला फॉन्ट लावलेला असू शकतो. `Kruti Dev 010` असेल तर बदल, `Times New Roman` असेल तर हात लावू नको. MIDC आणि 1,500 टाइम्समध्ये होते, त्यामुळे ते असे आपोआप वाचले. पुतण्याच्या प्रिंटमध्ये ते का बिघडले तेही कळलं: कृतिदेवमध्ये `M` म्हणजे ड, `I` म्हणजे अर्धा प, `D` म्हणजे अर्धा क, `C` म्हणजे अर्धा ब, आणि स्वल्पविरामाचं बटण म्हणजे ए. कृतिदेवमध्ये स्वल्पविराम हवा असेल तर `]` दाबायचं.

इथे दोन ठिकाणी अडकलो. एक, बऱ्याच रनना फॉन्टचं नावच नव्हतं, तो वरच्या स्टाईलमधून येत होता, त्यामुळे पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा अर्धी पानं जशीच्या तशी राहिली. मग रनमध्ये नाही सापडला तर परिच्छेदाच्या स्टाईलमध्ये बघ, तिथेही नाही तर डीफॉल्ट बघ, अशी पायरी लावली. दुसरं जास्त फसवं होतं. वर्ड एकाच शब्दाचे मध्येच दोन रन करतो, 2015 ला कोणी तिथे कर्सर ठेवून काही दुरुस्त केलं असेल तर हमखास. "विश्राम" म्हणजे `foJke`, त्यातला `f` एका रनमध्ये आणि `oJke` पुढच्या रनमध्ये. प्रत्येक रन वेगळा कन्व्हर्ट केला की वेलांटीला तिचं व्यंजन सापडत नाही आणि "fवश्राम" असं येतं. म्हणून शेजारी-शेजारी एकाच फॉन्टचे आणि एकाच ठळकपणाचे रन आधी जोडून घेतले, मग कन्व्हर्ट केलं.

### "रुण्"चा घोळ

अक्षरांचा तक्ता बनवला, `d` = क, `D` = क्, `[k` = ख, `#` = रु, असे दीडशेच्या वर नग. आणि साधं एकापाठोपाठ एक शोधा-बदला लावलं. दरांचं पान उघडलं तर प्रत्येक ओळीत "रुण् 500".

अर्धा तास कळेना. मूळ फाईलमध्ये `#- 500@&` होतं आणि कृतिदेवमध्ये ते "रु. 500/-" दिसतं, कारण `-` म्हणजे पूर्णविरामाचा टिंब, `@` म्हणजे तिरकी रेघ, `&` म्हणजे आडवी रेघ. स्क्रिप्टने `-` चा टिंब केला, बरोबर केला. मग पुढे तक्त्यात आलं `.` = ण्, तर तिने तो नुकताच केलेला टिंब पण उचलून ण् केला. म्हणजे एका बदलाचं उत्तर हे दुसऱ्या बदलाचं खाद्य झालं. फोन नंबरमधल्या 0253 च्या पुढच्या आडव्या रेघेचंही असंच दोन उड्यांत ण् झालं होतं. हिंदी अक्षरांना हा धोका नाही कारण ती तक्त्यातल्या इंग्रजी चिन्हांमध्ये, म्हणजे कीमध्ये, परत सापडत नाहीत, फक्त विरामचिन्हांना आहे, म्हणून सुरुवातीच्या साध्या वाक्यांवर चाचणी घेतली तेव्हा दिसला नाही.

उपाय म्हणजे सगळे बदल एकाच फेरीत, लांब की आधी:

```python
keys = sorted(T, key=len, reverse=True)
pat = re.compile('|'.join(map(re.escape, keys)))
s = pat.sub(lambda m: T[m.group()], s)
```

लांब की आधी का, तर `[` एकटा म्हणजे अर्धा ख आणि `[k` म्हणजे पूर्ण ख, `b` म्हणजे इ आणि `bZ` म्हणजे ई. छोटी आधी घेतली तर ई चं "इ आणि एक सुटा रफार" होऊन बसतं.

### रफार आणि वेलांटी

आता मुख्य गोष्ट. कृतिदेव हा टाइपरायटरचा वारस आहे, तो कागदावर जसं डावीकडून उजवीकडे दिसतं तसं साठवतो. "हिन्दी"मध्ये वेलांटी डोळ्याला ह च्या आधी दिसते, म्हणून `f` आधी येतो: `fgUnh`. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी ह मग ि. रफाराचं उलटं. "दर्शन" बोलताना र् आधी येतो पण रफार दिसतो श च्या डोक्यावर, म्हणून टाइप करताना तो नंतर: `n'kZu`.

ढोबळ कन्व्हर्टर `Z` च्या जागी र् ठेवून मोकळा होतो, त्यातून "दशर्न" येतं. थोडा बरा असेल तो र् एक अक्षर मागे नेतो, त्याने "दर्शन" सुधारतं पण `dk;kZy;` मध्ये `Z` च्या आधी काना आहे, तिथे परत फसतो. वेलांटीचंही तसंच, एकच अक्षर पुढे नेली तर `fLFkfr` चं "स्िथति" होतं कारण तिला अख्खं जोडाक्षर ओलांडायचं असतं, फक्त अर्धा स नाही. म्हणून हलवायचं ते अक्षर मोजून नाही, अख्ख्या जोडाक्षरावरून:

```python
C = '(?:[क-ह]़?्)*[क-ह]़?'
s = re.sub('f(' + C + ')', r'\1ि', s)
s = re.sub('(' + C + '[ा-ौंँ]*)Z', r'र्\1', s)
```

तक्ता लावताना `f` आणि `Z` यांना मुद्दाम हात लावायचा नाही, ते खुणा म्हणून राहू द्यायचे आणि शेवटी या दोन ओळींनी जागेवर बसवायचे. क्रमही हाच. `/kkfeZd` घ्या: तक्त्यानंतर "धाfमZक", वेलांटी बसली की "धामिZक", मग रफार "मि" या पूर्ण गटाच्या मागे गेला की "धार्मिक". आणि सगळं संपल्यावर कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात एकही `f` किंवा `Z` उरला असेल तर समजायचं की तिथे काहीतरी तुटलंय. ही तपासणी फुकट मिळते.

"धार्मिक" दोन प्रकारे टाइप केलेला सापडला. काही पानांवर वरच्यासारखा, काही पानांवर `/kkÆed`, कारण कृतिदेवमध्ये रफार आणि वेलांटी एकत्र असलेलं वेगळं चिन्ह `Æ` आहे, ते ऑल्ट कोडने, म्हणजे ऑल्ट बटण धरून आकडे दाबून येतं. तक्त्यात त्याला "र्f" दिलं की बाकीचं त्याच दोन ओळी करतात.

### काकूंशी बोलणं

इथपर्यंत आल्यावर मी खुश होतो, पण मजकुरात अजून ठिकठिकाणी तुटक गोल दिसत होते, म्हणजे मात्रेला बसायला व्यंजन नाही मिळालं की कॉम्प्युटर जो टिंबांचा गोल काढतो तो. कुठे "मंे", कुठे एकावर एक दोन अनुस्वार. तक्ता तर बरोबर होता.

काकांना विचारलं की मूळ टाइप कोणी केलं. एक काकू, आता रिटायर, नाशिकरोडला राहतात. फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे मी रेमिंग्टन टाइपरायटरवर हिंदी तीसची परीक्षा दिलेली, हात तिथला. मात्रा आधी की बिंदी आधी ते कोण बघतं, कागदावर नीट उमटलं की झालं. बिंदी फिकी वाटली तर परत एकदा दाबायची."

त्या एका वाक्यात माझं कोडं सुटलं. कृतिदेवमध्ये मात्रा आणि अनुस्वार जागा न घेता आधीच्या अक्षरावर चढतात, त्यामुळे `esa` आणि `eas` दोन्ही डोळ्याला "में" दिसतात, आणि अनुस्वार दोनदा दाबला तरी एकच दिसतो. "तीर्थों" हा एक शब्द मला तीन क्रमांनी सापडला: `rhFkksZa`, `rhFkksaZ`, `rhFkZksa`. प्रिंटमध्ये तिन्ही जवळजवळ सारखे. काकूंनी काही चूक केली नव्हती, त्यांना कागद काढायचा होता आणि कागद बरोबर होता.

मग रफार बसवायच्या आधी एक सफाईची पायरी घातली: अनुस्वाराच्या मागून मात्रा आली तर अदलाबदल, दोन अनुस्वार असतील तर एक, ड आणि ढ चा नुक्ता मात्रेनंतर आला असेल तर मात्रेच्या आधी. तुटके गोल जवळजवळ सगळे गेले.

काकूंनी आणखी एक सांगितलं जे मला कधीच कळलं नसतं. `«` हे त्र् चं चिन्ह ऑल्ट कोडने यायचं आणि तो कोड त्यांना उशिरा समजला, म्हणून सुरुवातीच्या फायलींत "त्र्यंबकेश्वर" हे `=;acds'oj` असं, म्हणजे "त्रयंबकेश्वर" असं टाइप झालंय. ही कन्व्हर्जनची चूक नाही, मूळचीच आहे. काकांना विचारून ती सगळीकडे दुरुस्त केली, पण वेगळी यादी ठेवून, म्हणजे मूळ मजकुरात आपण कुठे बदल केला ते दिसावं.

### विसर्ग की कोलन

कृतिदेवमध्ये `%` दाबलं की दोन टिंब येतात आणि टायपिस्ट तेच विसर्गासाठी वापरतो, तेच कोलनसाठी. `izkr%` म्हणजे "प्रातः", आणि `10%30` म्हणजे साडेदहा. फाईलमध्ये दोन्ही एकच. युनिकोडमध्ये विसर्ग वेगळा, कोलन वेगळा, डोळ्याला फरक जवळजवळ नाही पण "10ः30" ही वेळ म्हणून कुठलाही फोन ओळखणार नाही.

सगळं विसर्ग करायचं की सगळं कोलन, यावर मी थांबलो. शेवटी नियम असा लावला: आधी आकडा असेल किंवा मोकळी जागा असेल तर कोलन. शब्द अतः, प्रातः, पुनः, प्रायः, निःशुल्क अशा छोट्या यादीतला असेल तर विसर्ग. उरलेले सगळे हाताने. उरलेले 212 निघाले, त्यात जास्त "सूचना:" आणि "समय:" अशी शीर्षकं, एका संध्याकाळी बसून संपवले. यात आणखी हुशारी करण्यात अर्थ नव्हता.

## तपासणी

दोन पातळ्यांवर केली. पहिली यंत्राची, जी अशक्य जोड्या शोधते: शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, हलंतानंतर मात्रा, लागोपाठ दोन मात्रा, शब्दाच्या शेवटी र्. "स्िथति" आणि "कुशावतर्" यात पकडले जातात.

पण "कायार्लय" आणि "दशर्न" यात सापडत नाहीत, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अक्षरांचा क्रम म्हणून ते निर्दोष आहेत, य ला काना, मग र्, मग ल, "मार्ग"मध्ये पण काना आणि र् असाच येतो. यंत्राला यात काही चुकीचं दिसत नाही, वाचणाऱ्यालाच दिसतं. म्हणून सगळ्या 63 फायलींतले वेगवेगळे शब्द काढून किती वेळा आलेत त्याप्रमाणे यादी केली आणि जे एकदाच किंवा दोनदाच आले तेवढे एका निवृत्त हिंदी शिक्षकांना वाचायला दिले. नीट वाचायचे शब्द असे हजाराच्या आसपास आले, 140 पानं डोळ्याखालून घालण्यापेक्षा हे कितीतरी हलकं. सरांनी त्यातले 41 शब्द अडवले. त्यातल्या सहांत स्क्रिप्टची चूक होती, म्हणजे तक्त्यात दोन ऑल्ट कोडची चिन्हं राहून गेली होती, बाकी मूळच्या टायपिंगच्या चुका.

दरांची आणि फोन नंबरची पानं मात्र मी आणि काका दोघांनी समोरासमोर बसून, जुन्या छापील पुस्तिकेशी ताडून वाचली. त्यात यादीचा शॉर्टकट चालत नाही.

## काय निघालं

एकंदर सहा दिवस लागले, त्यातले दोन स्क्रिप्टला. मजकूर फोनवर व्यवस्थित दिसतोय, सापडतोय. पण फायली दिल्यावर दोन गोष्टी परत आल्या.

पहिली, वर्डमध्ये उघडल्यावर शीर्षकं बारीक आणि ठळकपणा गायब. मजकूर बरोबर, दिसणं बिघडलेलं. कारण वर्डच्या दृष्टीने कृतिदेवचा मजकूर इंग्रजी होता आणि आता तो देवनागरी झाला, आणि देवनागरीसाठी वर्ड आकार आणि ठळकपणा वेगळ्या खान्यातून घेतो, `w:sz` च्या ऐवजी `w:szCs`, `w:b` च्या ऐवजी `w:bCs`. ते खाने रिकामे होते. स्क्रिप्टने जुन्या खान्यातली किंमत नव्या खान्यात उतरवली, फॉन्टचं नाव `w:cs` मध्ये टाकलं, आणि आकार थोडा कमी केला कारण कृतिदेव त्याच पॉइंटला लहान दिसतो म्हणून काकूंनी सगळं 16 ला टाइप केलं होतं.

दुसरी, पुतण्याचा फोन आला की रामकुंडाच्या "सीढ़ियाँ" शोधल्या तर एकही सापडत नाही, समोर तर दिसताहेत. ढ़ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अक्षर U+095D, किंवा ढ आणि नुक्ता अशी दोन. माझ्या तक्त्यात `<+` वरून दोन येत होती, त्याच्या कीबोर्डवरून एक येत होतं. `unicodedata.normalize('NFC', s)` चालवलं की ढ़ आणि ड़ दोन अक्षरांच्या रूपात एकसारखे होतात, नावात एकत्र करणं असलं तरी या अक्षरांना तो सुटंच ठेवतो. वेबसाईटच्या शोधपेटीत टाइप केलेल्या शब्दालाही तेच लावायला सांगितलं, नाहीतर मजकूर एका रूपात आणि शोध दुसऱ्या रूपात राहिला असता. वर्डमध्ये शोधताना मात्र तो इलाज लागू होत नाही, तिथे त्याने फाईलमधलाच शब्द कॉपी करून शोधायचा असं ठरलं.

## आता केलं तर काय वेगळं करेन

काकूंना पहिल्या दिवशी फोन करेन. मी तो चौथ्या दिवशी केला, तोपर्यंत "मंे" चं कारण तक्त्यात शोधत दीड दिवस घालवला. टाइप करणारं माणूस हयात आहे, गावात आहे, आणि त्याच्या हाताच्या सवयी फाईलमध्ये उतरलेल्या असतात, हे मला आधी सुचायला हवं होतं.

सुरुवातीच्या चाचणीला साधी वाक्यं न घेता दरांचं पान घेईन. त्यात रुपये, टिंब, तिरकी रेघ, वेळा, फोन, इंग्रजी, सगळं एकाच पानावर होतं, "रुण्" पहिल्याच मिनिटाला दिसला असता.

आणि काहीही करायच्या आधी, जिथे कृतिदेव अजून बसवलेला आहे त्या धर्मशाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरून सगळ्या 63 फायलींच्या फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवेन. ताडून बघायला माझ्याकडे 2015 ची छापील पुस्तिका होती म्हणून निभावलं, पण 11 फायली त्या पुस्तिकेत नव्हत्याच, त्यात बिस्तर-भांड्यांच्या नोंदी आणि जुनी पत्रं होती. त्यांच्यासाठी मला माझ्या कॉम्प्युटरवर कृतिदेव टाकून मूळ फाईल शेजारी उघडून बघावी लागली, आणि माझ्याकडच्या फॉन्टची आवृत्ती वेगळी असल्यामुळे ऑल्ट कोडची तीन चिन्हं वेगळी दिसत होती. ती तीन कुठली ते धर्मशाळेत जाऊन त्यांच्या स्क्रीनवर बघून आलो. तो कॉम्प्युटर काका पुढच्या महिन्यात भंगारात देणार होते, त्यांना आता सांगितलंय की पीडीएफ निघेपर्यंत थांबा.